एका खिळ्यावरची दोन टोकनं

सोमवारी सकाळी कारखान्याच्या नोटीस बोर्डावर कागद लागला, आणि तो करुणानंच लावला. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना, २००७ साल. कॉम्प्युटर विभागात ती एकटीच इथली, शेजारच्या कारेगावची; बाकीचे परप्रांतातले. मराठीत लिहिणारं दुसरं कोण होतं?

'हा आठवडा नोंदणीचा. प्रत्येकाला एक टोकन, म्हणजे आकडे दाखवणारं छोटं यंत्र, मिळेल. त्यावरचे सहा आकडे दर मिनिटाला बदलतात. शनिवारी सहानंतर नुसता पासवर्ड चालणार नाही. आकडे चुकले तर नवे यायची वाट बघा. वापरलेले पुन्हा टाकू नका. तीनदा चुकलं तर खातं बंद होतं, आम्हाला कळवा. - आयटी विभाग.'

झकास लिहिलंय, असं तिला वाटलं होतं. बिचारी!

शुक्रवारपर्यंत सगळे उरकले. राहिले स्टोअरचे दोघंच. मल्हारी तर हसण्यावारी नेत होता, "मशिनच फुसकं हाय!" पण शंकरराव गायकवाडांचा जीव अर्धा झाला होता.

शंकरराव शिरूरहून यष्टीनं यायचे. वीस वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर काढली, तिथं उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा स्टोअरला आले. प्रेसवर त्यांना कुणी नावानं हाक मारलीच नाही, हजेरीच्या नंबरानं 'दोनशे चौदा' म्हणायचे. स्टोअरला आल्यावर पन्नाशीत कॉम्प्युटर शिकले, आणि माल दिल्याच्या प्रत्येक चिठ्ठीवर छापून यायला लागलं, 'देणार : शंकर गायकवाड'. आता निवृत्तीला चारच महिने उरले होते. नोंदणी झाली नाही तर साहेब गेटवर बसवणार, हे साहेबांनीच सांगितलं होतं.

शनिवारी दुपारी ते तिच्या टेबलाशी उभे राहिले. "मॅडम, परत बंद पडलं. माझीच बोटं हळू चालत्यात."

"बसा मामा. बाजूच्या रेघा बघा, त्या कमी होत जातात. नवा आकडा आला, सगळ्या रेघा दिसल्या की सुरू करा. आख्खं मिनिट आपलंच आहे."

तिनं खातं उघडून दिलं. आठ बोटांनी त्यांनी आकडे बरोबर टाकले, वेळेतच टाकले. तरी नकार! टोकनचं घड्याळ पुढंमागं झालं असेल म्हणून तिनं पाठोपाठचे दोन आकडे टाकून ते जुळवून पाहिलं. तेही जुळेना.

"ऱ्हाऊ द्या," शंकरराव म्हणाले. "मल्हारी म्हनतो, माझं झालं की माझ्या नावावर काम करा. पन त्याच्या नावानं मी माल का देऊ? मला न्हाई जमायचं ते."

सहा वाजायला दीडच तास होता. तिनं टोकन हातात घेतलं, उलटं केलं आणि पाठीमागचा बारीक नंबर यादीशी ताडून पाहिला.

"मामा, हे टोकन ठेवता कुठं?"

"किल्ल्यांच्या फळीवर! पाळी संपली की लटकवायचं आन् सकाळी काढायचं. स्टोअरचा एकच खिळा हाय, मल्हारीचंबी तिथंच असतं."

"अहो, हे मल्हारीचं आहे! तुमचं त्याच्याकडं गेलंय. प्रत्येकाच्या नावावर एकच नंबर असतो."

शंकररावांना काय माहीत? किल्ली कुणीही काढली तरी कुलूप उघडतंच. आणि पाठीमागचा नंबर बघा, टोकन जवळ ठेवा, हे नोटिशीत कुठं होतं? आठवडाभर हा माणूस स्वतःच्या तुटक्या बोटांना बोल लावत होता, आणि चूक तिची होती.

"मामा, चुकलं माझं. मी लिहायलाच विसरले."

"असू द्या वो," ते म्हणाले. "बोटांचा दोष न्हाई म्हंजी?"

"अजिबात नाही!"

मल्हारीला फोन करून बोलावलं, टोकनं बदलली, दोन्ही खाती पुन्हा उघडली. शंकररावांनी सहा आकडे टाकले. जुळले! पडद्यानं आता त्यांचा स्वतःचा गुप्त आकडा, पिन, मागितला. करुणानं तोंड फिरवलं. "मलाही सांगू नका." मल्हारीचंही पाठोपाठ झालं, आणि टोकन आता गळ्यातच ठेवा, असं तिनं दोघांना सांगितलं.

पावणेसहाला ती पेन घेऊन नोटीस बोर्डाकडं गेली आणि कागदाच्या वरच लिहिलं, 'आधी पाठीमागचा नंबर बघा. टोकन किल्ल्यांच्या फळीवर लटकवू नका, गळ्यात ठेवा.'

मागून शंकरराव आले. हातात दोघांच्या टोकनांसाठी दोन नाड्या होत्या, ओळखपत्राला लावतात तसल्या, आणि नुकतीच निघालेली चिठ्ठी. नाड्या तिच्या विभागाच्या नावावर काढलेल्या. 'देणार'पुढं त्यांचं नाव होतं. 'घेणार'ची जागा कोरी होती.

"सही करा," ते म्हणाले. तिनं सवयीनं 'आयटी' लिहायला घेतलं.

त्यांनी कागदावर हात ठेवला. "तसं न्हाई, पोरी. नाव लिही तुजं."