बाराशे त्रिकोणांचा दादा

१२,००,०००

एवढ्या त्रिकोणांचा दादा ऑफिसच्या सर्व्हरवर आहे. आमच्या गेमचा आवाज तोच करायचा. एका जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या अंगाच्या थ्रीडी स्कॅनसाठी माणूस हवा होता; संगणकात अंग बारीक त्रिकोणांचंच बनतं. दादा डबा तसाच ठेवून कॅमेऱ्यांच्या पिंजऱ्यात उभा राहिला. "लवकर आटपा, भूक लागलीय." म्हणून स्कॅनमध्ये त्याचं तोंड जरासं वाकडं आहे.

आठ महिन्यांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेला. ओळख पटवायला मी गेले होते. चेहरा मी आईला बघू दिला नाही.

बाबांच्या नजरेचा मधला भाग गेलाय. कडेकडेनं दिसतं. माणसाकडे बघायचं तर ते त्याच्या शेजारी बघतात आणि बाह्यरेषेवरून ओळखतात. परवा म्हणाले, "तुझ्या त्या खेळात तो चालतो म्हणतेस ना? उरलंसुरलं जायच्या आत एकदा दाखव."

स्कॅन बाहेर न्यायची परवानगी नाही. टॅबवर चालणारा चाचणीचा गेम मात्र घरी नेता येतो.

४०,०००

टीमच्या प्रमुखाला आम्ही मुकादम म्हणतो. चाळीस हजारांवर आणलेला दादा बघून तो म्हणाला,

"गर्दीतला माणूस आहे. बाराशे त्रिकोण. पाच वाजता चाचणीचा बिल्ड जाणार."

"बाराशेत काय उरतं?"

"गर्दी."

मग त्याला आठवलं कुणाबद्दल बोलतोय ते. चहा आणतो म्हणून गेला, तो आलाच नाही.

त्रिकोण कमी करायचं यंत्र, म्हणजे प्रोग्रॅम, मीच लिहिलंय. कोपऱ्यांवरचा प्रत्येक बिंदू आपल्याभोवतीच्या त्रिकोणांची प्रतलं लक्षात ठेवतो. दोन बिंदू मिटवून एक करायचा, तो अशा जागी की त्या सगळ्या प्रतलांपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील. ती बेरीज म्हणजे त्या जोडीची किंमत. स्वस्त ते आधी जातं. सपाट कपाळ, पाठ. आपण गेलो हे त्यांना कळतही नाही.

३,९००

इथे यंत्र थांबलं.

कारण शिवणी. कातडीचा फोटो अंगावर चढवायचा तर शरीर शर्टासारखं उसवून सपाट पसरावं लागतं. स्कॅनच्या सॉफ्टवेअरनं दादाचे दोनशे चौदा तुकडे केले होते. शिवणीवरचे बिंदू मी कुलूपबंद ठेवते, नाहीतर फोटो सरकतो. इथे उरले होते ते बहुतेक कुलूपवालेच.

नीट मोजक्या शिवणी घालून फोटो नव्यानं उतरवायला अर्धा दिवस लागतो. साडेतीन वाजले होते.

१,२०० (पहिला)

कुलपं काढली. शिवणींच्या कडेनं काल्पनिक भिंती उभ्या केल्या. शिवण सोडून जाईल त्याची किंमत वाढेल. भिंती जड ठेवल्या.

चेहऱ्यावरचा फोटो शाबूत. पण शिवणींनी सगळा वाटा खाल्ला. पडका डावा खांदा सरळ झाला, बाहेर आलेला कान गेला, नाकाचा उंचवटा गेला. कुणीही असू शकेल असा माणूस.

बाबा याच्या शेजारी बघतील आणि विचारतील, कुठे आहे?

१,२०० (दुसरा)

भिंती जवळजवळ शून्यावर. चारी बाजूंनी काल्पनिक कॅमेरे लावून बाह्यरेषेवर येणाऱ्या कडा महाग केल्या.

खांदा आला. कान आला. नाक आलं.

फोटो सरकला. त्रिकोण एका तुकड्यातून दुसऱ्यात ताणले गेले. गालावरून मानेचा रंग, डोळ्यापाशी शर्टाचा लाल. मला दिसलं. मुकादमानं गर्दीच्या अंतरावरून बघितलं.

"चालेल. कोण बघतंय जवळून."

पाचला दहा कमी. हाच बिल्डमध्ये गेला.

घर

बाबांनी टॅब डोळ्यांच्या कोपऱ्यात धरला. बाजार, तीसेक माणसं. बोट फिरत फिरत थांबलं.

"हा. खांदा बघ ना लेकाचा. कितीदा सांगितलं, ताठ चाल." मग आत बघून, "अगं, ये लवकर! आलाय तो!"

आई हात पुसत आली. चष्मा लावला. मी टॅब घ्यायला पुढे झाले तोवर तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं होतं.

तिनं काच अंगठ्यानं पुसली. पुन्हा पुसली.

"तोच ना?" बाबा.

"तोच."

बाबा बराच वेळ त्याला चालवत बसले.

स्वयंपाकघरात आईनं नळ सोडला. माझ्याकडे पाठ करून, हळू विचारलं, "असं झालं होतं होय गं तोंडाचं? म्हणून दाखवला नाहीस?"

"नाही गं आई. हे माझ्या कामामुळे झालंय. शिवणी सरकल्या."

"शिवणी," ती म्हणाली. "टाके घातले होते का मग?"

"आई, तसं नाही..."

"राहू दे. आता बघितलं मी."

बाहेर बाबा टॅबला सांगत होते, ताठ चाल.