एकूणची चौकट

सत्यभामाबाई आमच्या नेरूळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात क्लार्क. १९९६ साली जुन्या फायली आवरताना त्यांनी मला एक कागद दाखवला. चार वर्षांपूर्वी कायम लेक्चररच्या जागेसाठी मी वर्गात नमुना पाठ दिला होता, त्याचा मार्कांचा कागद. खाली शाईने 'एकूण ४१'. वर ज्ञान, मांडणी, प्रभाव, सगळे पेन्सिलीने, दोनदोनदा खोडलेले. म्हणजे परीक्षक असलेल्या आमच्या विभागप्रमुख जगदाळेसरांनी आधी एकूण ठरवलं आणि मग बेरीज जुळवली. ती जागा मला आणखी दोन वर्षांनी मिळाली. मी तो कागद माझ्या कपाटात ठेवला आणि गप्प बसले. गप्प बसणं आणि विसरणं यात मी कधी गल्लत करत नाही.

१९९८च्या जूनमध्ये तशीच एक जागा निघाली. उमेदवार दोन. करावे गावची भाविका, तीन वर्षं तात्पुरती शिकवणारी, आणि जगदाळेसरांचा मेहुणा शिवतेज. भाविकाला या वेळी जागा मिळाली नाही, तर तिची नेमणूक संपणार होती.

प्राचार्यांनी मला बोलावलं. मूल्यमापनाच्या कार्यशाळेत चार प्राध्यापकांनी ओव्हरहेड प्रोजेक्टरवर दाखवलेल्या सतरा पारदर्शिका त्यांनी माझ्या हातात ठेवल्या. "यातून एकच गुणतक्ता करा. निकष, भार आणि प्रत्येक पातळीचं वर्णन. या जागेच्या नमुना पाठांना विद्यापीठाची समिती येणार आहे."

मला आनंद लपवता येईना.

पारदर्शिका म्हणजे नुसता गोंधळ होता. एकीवर निकष होते, पण भार नाही. दुसरीवर भार होते, त्यांची बेरीज एकशेदहा. तिसरीवर 'स्पष्टता' आणि 'संवाद' वेगवेगळे, म्हणजे एकाच गोष्टीला दोनदा मार्क. चौथीवर फक्त 'उत्तम' कसं दिसतं ते लिहिलेलं, वाईट कसं ते नाही. आणि जगदाळेसरांची ठळक अक्षरांतली: 'एकंदर प्रभाव – ४०'.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. "सर, प्रभावाला चार पातळ्या लागतात. सर्वांत वरच्या पातळीचा माणूस वर्गात काय करताना दिसतो?"

"अहो, ते कळतं."

"कशावरून?"

ते चिडले. "आवाज! मागच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे. नजर पाहिजे."

मी तेच लिहून घेतलं. प्रभावाचा झाला 'आवाज आणि नजर', भार पंधरा. विषयाची अचूकता तीस, मांडणीचा क्रम पंचवीस, प्रश्नांना उत्तरं तीस. एकूण शंभर. प्रत्येकाला एक ते चार पातळ्या, आणि प्रत्येक पातळीपुढे डोळ्यांना दिसेल असं वाक्य. प्रश्नोत्तरांची पहिली, म्हणजे सर्वांत खालची पातळी अशी होती: 'प्रश्न टाळतो किंवा चुकीचं उत्तर देतो.' परीक्षकाने आकड्याला फक्त गोल करायचा. भार आणि बेरीज ऑफिसात.

कागदाच्या तळाशी 'एकूण'ची चौकटच ठेवली नाही. जगदाळेसरांनी तक्ता न वाचता शेवटच्या पानावर सही केली, ही त्यांची नेहमीची सवय.

पाठाच्या दिवशी शिवतेज मस्त बोलला. आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत. मग एका मुलीने विचारलं, "सर, हे सूत्र इथे का लागू होत नाही?" तो हसला आणि म्हणाला, "त्यात आत्ता नको शिरायला." तिघांचे प्रश्न त्याने असेच उडवले. भाविका हळू बोलली, पण प्रत्येक प्रश्नावर फळ्याकडे परत गेली.

जगदाळेसर कागद उलटसुलट करत होते. "एकूण कुठे लिहायचं?"

"सर, सत्यभामाबाई करतील. तुम्ही फक्त गोल करा. वाक्यं वाचून."

बाहेरून आलेले दोन परीक्षक शेजारीच बसले होते. टाळाटाळ सगळ्यांनी ऐकली होती. शिवतेजच्या प्रश्नोत्तरांपाशी सरांचं पेन थांबलं, आणि मग एकच्या आकड्याभोवती गोल पडला. तो गोल मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते.

सत्यभामाबाईंनी मोठ्याने वाचलं. जगदाळेसरांच्याच कागदावर शिवतेज पन्नास, भाविका सव्वाशहाऐंशी. बाकी दोघा परीक्षकांचंही तसंच.

"असं कसं झालं?" सर म्हणाले.

"तुम्हीच केलंत, सर," मी म्हटलं आणि तो ४१ चा कागद त्यांच्यापुढे सरकवला. पेन्सिलीचे खोडलेले आकडे त्यांनी ओळखले. मला खूप, खूप बरं वाटलं.

संध्याकाळी भाविका पेढे घेऊन आली आणि वाकून पाया पडली. "मॅडम, आमच्या घरात पहिलीच कायमची नोकरी हाय. तुमी माझ्यासाठी एवढं केलंत."

मी पेढा तोंडात घातला, म्हणजे काही बोलावं लागणार नाही. तक्ता करताना तिचं नाव माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.