हॉटेल लांब नेण्याचं काम

सिनेमा माझ्या गोष्टीवरून काढला आहे असं म्हणतात. मला स्वतःला तसं छातीठोकपणे म्हणवत नाही. माझ्या गोष्टीत एक बाई किनाऱ्यावर उभी असते आणि तिचा नवरा होडीतून खाडीपलीकडच्या डोंगरांकडे निघून जातो, एवढंच होतं. त्या डोंगरांवर हॉटेल नव्हतं. हॉटेल सुदेशभाईंनी घातलं.

सुदेशभाई आमचे निर्माते. कणकवलीकडचे मोठे गृहस्थ. त्यांचं हॉटेल अजून बांधायचं होतं. जमीनही पक्की झालेली नव्हती. पण वास्तुविशारदाने संगणकावर केलेलं त्याचं चित्र मात्र फार पक्कं होतं. त्यात निळ्या काचा होत्या, लाल कौलं होती आणि छपरावर भाईंच्या वडिलांच्या नावाची पाटी होती. म्हणून माझ्या गोष्टीतला नवरा, लवू, आता कुठे तरी अज्ञात ठिकाणी जात नव्हता. तो भाईंच्या हॉटेलात पहारेकरी म्हणून जात होता. कथेला त्यामुळे उंची आली असं भाईंनी मला सांगितलं. मी मान हलवली. मी आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकं दिली-घेतली. माझ्या मानेला ती सवय आहे.

शेवटचा प्रसंग तोंडवळीच्या किनाऱ्यावर चित्रित झाला. समोर नुसता समुद्र. डोंगर आणि हॉटेल नंतर घालायचे होते, आणि ते काम नीरजाकडे होतं. नीरजा मालवणचीच. मुंबईत सिनेमांना असले न दिसणारे जोड देण्याचं काम तिने काही वर्षं केलं, मग घरी परतली आणि धुरीवाड्यातल्या वडिलांच्या घराच्या माडीवर संगणकाचे दोन मोठे पडदे मांडून बसली. मुंबईची कंपनी तिला परत बोलावत होती. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. इकडे भाईंनी शब्द दिला होता की हा शेवटचा प्रसंग मनासारखा झाला, तर कोकणावरची त्यांची पुढची सगळी मालिका इथेच, तिच्याकडे. म्हणजे नीरजाने मालवणात राहायचं की नाही, हे त्या न बांधलेल्या हॉटेलावर ठरायचं होतं.

पहिल्यांदा दाखवायला तिने भाईंना बोलावलं तेव्हा मीही गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण नको असंही कोणी म्हटलं नव्हतं.

पडद्यावर बाई उभी होती, होडी लहान लहान होत होती, आणि पलीकडे डोंगरांच्या तीन रांगा. जवळची निळसर, मधली फिकट, शेवटची तर आकाशातच विरघळलेली. मधल्या रांगेच्या सोंडेवर एक इमारत आहे असं वाटत होतं. मला माझी गोष्ट आठवली. बऱ्याच दिवसांनी.

भाई खुर्चीतून उठले, खिशातला रुमाल काढला आणि पडदा पुसायला लागले.

"भाई, काय करतास?" नीरजा म्हणाली.

"काच पुसतंय. कितको धुरळो हो! माझा हॉटेल दिसणासा झाला."

"तो धुरळो नाय भाई. मीच घातलाय तो."

भाई रुमाल हातात घेऊन वळले. "तू घातलंस? माझ्या नव्या कोऱ्या हॉटेलार?"

मग तिने शांतपणे समजावून सांगितलं. लांबच्या वस्तूच्या आणि आपल्या मध्ये हवा असते, आणि आपल्याकडे त्या हवेत पाणी, मीठ, धूळ सगळं असतं. जितकं लांब, तितकी जास्त हवा मध्ये येते. म्हणून लांबचा काळा रंग काळा राहत नाही, राखाडी होतो. लाल कौलं लाल राहत नाहीत. उजेड आणि सावली यांतला फरक कमी होतो, बारीकसारीक रेषा मिटतात. रंग कोणता घ्यायचा तो मनाने ठरवायचा नसतो. त्याच दिवसाच्या त्याच चित्रणात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर आकाशाचा जो पांढुरका रंग होता, तो तिने उचलला होता आणि प्रत्येक रांगेत थोडा थोडा जास्त मिसळला होता. पाण्यालगत हवा दाट, म्हणून डोंगराच्या पायथ्याशी जास्त, माथ्यावर कमी. आणि होडीचा डोलकाठीपासूनचा सगळा आकार तिने कापून वेगळा ठेवला होता, कारण होडी अलीकडे आहे. पलीकडची हवा होडीवर चढली तर सगळंच खोटं.

"समाजला," भाई म्हणाले. "आता तो काढ."

"पण भाई, मग ता लांब दिसाचा नाय."

"लांब आसा ता माका म्हायत आसा! लोकांका पाटी वाचूक होयी. मास्तरानू, तुमी सांगा."

मी कधीही मास्तर नव्हतो, पण गावात चष्मा आणि झोळी असलेल्या माणसाला दुसरं काही म्हणत नाहीत. मी म्हणालो की गोष्टीत नवरा फार लांब जातो, तेव्हा लांब दिसायला हवं. बहुधा मी हे म्हणालो. निदान ओठ तरी हलले असावेत. भाई म्हणाले, "बघ, मास्तरांकाय माझाच पटला."

नीरजाने एका कळीने सगळी हवा काढून टाकली. हॉटेल झळकलं. कौलं लाल, काचा निळ्या, खिडक्यांतल्या सावल्या कुळकुळीत, पाटीवर वडिलांचं नाव आणि त्यांच्या पदव्याही. भाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नीरजाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून पूर्वेकडे पाहिलं. सह्याद्री नेहमीसारखा धुरकट होता. त्याला कोणी निर्माता भेटलेला नव्हता.

मग एका सभागृहात खासगी खेळ झाला. भाईंची माणसं, बांद्याहून आलेली त्यांची बहीण किशोरी, आणि ज्यांनी किनाऱ्यावरच्या गर्दीत काम केलं होतं ती कोळणी-दाल्द्यांची, मासेमारीवर जगणारी मंडळी. गोदूबाई पहिल्या रांगेत बसली. सिनेमात ती मासे विकते, आणि खरोखरही विकते, त्यामुळे तिचा अभिनय सगळ्यांत चांगला झाला आहे.

खेळ बरा चालला होता. शेवट आला. बाई किनाऱ्यावर उभी, सारंगीचे सूर, होडी पाण्यात, आणि पलीकडे, जणू पाण्याच्या काठावर कोणी आणून ठेवावं तसं, लखलखीत हॉटेल. पडद्यावरची बाई हुंदका देते. सगळं सभागृह गप्प.

"अगो बाय," गोदूबाईचा आवाज आला. मासळीबाजारात कमावलेला आवाज तो. "रडतंस कित्याक? ता बघ, थंयसरच आसा! सुकती लागली की चलत जायत तो."

ओहोटीला चालत जाईल. आधी मागच्या रांगेत कोणी तरी फसकन हसलं, मग सगळेच. पडद्यावरची बाई पदराने डोळे पुसत होती आणि कोणी तरी ओरडत होतं, "गो, वायच लुगडा वर धर आनी जा तुय!" मीही हसलो. मग लक्षात आलं की ती माझी गोष्ट आहे.

पण भाईंना लागलं ते निराळंच. किशोरी त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, आणि ती हळू बोलत नाही, "दादा, ह्या तुजा हॉटेल? माका वाटला कोणी कोंबड्यांचो खुराडो ठेवल्यानी वाळूत."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाई नीरजाच्या माडीवर हजर. मी आधीच तिथे होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं.

"माझी इज्जत घालवलंस," ते म्हणाले. "इतक्या बारीक कित्याक केलंस हॉटेल? मोठा कर! नायतर ती मालिका खंय जायत ता माका सांगूक येवचा नाय."

नीरजाचा चेहरा उतरला. मुंबईच्या कंपनीचं पत्र बाजूच्या पडद्यावर उघडंच होतं. तरी तिने हॉटेल मोठं केलं. आता होडीशेजारीच, हात लावता येईल अशा अंतरावर, एक भलामोठा खुराडा उभा राहिला. त्यात बदकंही मावली असती.

"ह्या तर आनीकच वंगाळ," भाई म्हणाले.

"डोळ्याक ता जवळ वाटता म्हणान," नीरजा म्हणाली. "आनी जवळची वस्तू इतकी दिसली, तर ती बारीकच आसतली. लांबची इतकी दिसली, तर मोठी. थांबा."

तिने हॉटेल होतं तेवढंच केलं. टेबलावरच्या कागदाची पट्टी फाडून पडद्याला लावली आणि हॉटेलाच्या दोन टोकांवर पेनाने खुणा केल्या. मग ती पहिली कळ दाबली. हवा परत आली. पायथे पुसट झाले, कौलांचा लाल रंग विझला, पाटी मिटली. आणि खुराडा हळूहळू मागे सरकत सरकत खाडीपलीकडे गेला, आणि तिथे एखाद्या राजवाड्यासारखा डोंगराच्या सोंडेवर बसला.

भाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"ह्या बरा! किती वाढवलंस?"

"कायच वाढवूक नाय. ह्यो बघा कागद." तिने पट्टी पुन्हा लावली. खुणा तंतोतंत जुळल्या.

भाईंनी पट्टी हातात घेतली, उलटीसुलटी केली. "कागद दमटलो आसतलो," ते म्हणाले. "हयसरच्या हवेत कागद फुगता."

"पण पाटी वाचता येणार नाही आता," मी म्हणालो. या वेळी ऐकू गेलं.

"मास्तरानू, तुमका कळाचा नाय. जेची पाटी वाचूक येना नाय, ता हॉटेल केदा लांब आनी केदा मोठा आसतला, इचार करा!"

पुढच्या खेळाला तीच मंडळी होती. शेवटी होडी निघाली आणि पलीकडे फक्त निळसर डोंगर, त्यावर काही तरी आहे की नाही असं काही तरी. कोणी हसलं नाही. गोदूबाईने नाक ओढलं आणि शेजारणीला म्हणाली, "गेलो गो. आता गेलो खरो." एवढं एक वाक्य मला लिहिता आलं असतं, तर बाकीची गोष्ट लिहिली नसती तरी चाललं असतं.

किशोरीने भावाला विचारलं, "दादा, थंय ता काय दिसता? किल्लो?"  भाई नुसतेच सुखाने घामाघूम झाले. बाहेर आल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की हॉटेल आपणच तिप्पट वाढवून घेतलं, पोरीच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

मालिका नीरजाकडे आली. त्याच संध्याकाळी तिने मुंबईला नाही म्हणून कळवलं. पाठवण्याआधी ते उत्तर मला वाचायला दिलं तेव्हा मी त्यातलं एक विरामचिन्ह दुरुस्त केलं. दुसरं काही करण्यासारखं त्यात नव्हतं.

हल्ली भाई प्रत्येक प्रसंगात हवा मागतात. परवा नायिकेच्या जेवणाच्या ताटावरही मागितली. नीरजा ऐकून घेते आणि काय करायचं ते करते. काल भाई आले तेव्हा चार दिवसांच्या सुट्टीनंतर माडी नुकतीच उघडली होती आणि पडदा साफ करायचा राहिला होता. त्यावर धुळीचा थर. भाई समोर बसले, डोळे बारीक केले, आणि खूष झाले.

"ह्या जमला तुका आता," ते म्हणाले. "काय लांब दिसता!"

नीरजाचा हात पुसायच्या फडक्याकडे गेला होता. तिने तो तसाच परत घेतला.