नाव आहे तिथेच

खलीलने मोबाइल फरजानासमोर असा धरला, की जणू मेहेरबानीच करतोय. "बघ भाभी. फक्त रंग आणि मांडणी. एक अक्षर बदललं नाही."

फरजानाने बघितलं आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. आखातात, अल अझीझियातल्या त्यांच्या टेलरिंगच्या दुकानावर अकरा वर्षं 'अबूबकर अँड ब्रदर' असा बोर्ड होता, वर अरबीत, खाली इंग्रजीत. अबूबकर तिचा नवरा, ब्रदर हा खलील. अबूबकरला अर्धांगवायूचा झटका आला आणि तो दापोलीला घरी पडून होता. लेडीज शिलाई फरजानाच्या हातात होती, म्हणून ती इथेच राहिली. 'बोर्डवर नाव आहे तोवर मी दुकानातच आहे,' असं तो फोनवर बोबड्या जिभेने सांगायचा. आणि नव्या बोर्डाच्या या चित्रात काळ्या बोर्डवर 'ब्रदर' सोनेरी, ढब्बू अक्षरांत झळकत होतं. 'अबूबकर' कोपऱ्यात, बारीक, काळपट तपकिरी. शोधावं तेव्हा सापडावं असं.

"हे मशीनने केलं, मोबाइलमधल्या एआयने," खलील म्हणाला.

"मशीनला तुझा भाऊ काय माहीत?"

बोर्ड बनवणारा प्रताप काउंटरला टेकून उभा होता. नाशिकचा माणूस, भांडणात पडायचा नाही, पण खोटं ऐकवत नव्हतं त्याला. "सकाळी पहिल्यांदा चित्र काढलंत ना, तेव्हा भिंतीवरचा एसी गायब झाला होता, झाडाच्या कुंड्या आल्या होत्या आणि अरबी अक्षरं तुटली होती. ती मशीनची करामत. म्हणून मी सांगितलं, काय तसंच ठेवायचं ते नाव घेऊन लिहा: भिंत, शटर, एसी, कॅमेरा. ते तुम्ही लिहिलंत. पण कुठली ओळ लहान आणि कुठला रंग गडद, हेही तुम्हीच लिहिलंत. माझ्यासमोर."

"प्रतापभाऊ, तुम्ही बोर्ड बनवा, वकिली नको!" खलील भडकला. मग तिच्याकडे वळला. "लिहिलं मी! अकरा वर्षं नुसता ब्रदर! गिऱ्हाईक विचारतं, अबूबकर कुठे आहेत? मी कोण, हवा? त्याला परत यायचं नाहीय भाभी, खलास, मान्य कर!"

हे असं तोंडावर म्हणायला त्याला लाज वाटली नाही. फरजानाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिने त्याच्यापुढे पडू दिलं नाही. आपला मोबाइल काढला.

"मूळ फोटो घ्या वहिनी," प्रताप हळूच म्हणाला. "चित्रावर पुन्हा चित्र केलं की भिंत थोडी थोडी बदलत जाते."

तिने त्याच एआयमध्ये जुन्या बोर्डाचा मूळ फोटो लावला आणि माइकवर बोट ठेवून मोठ्याने, साध्या हिंदीत सांगितलं: भिंत, शटर, एसी, कॅमेरा जसेच्या तसे. बोर्डवरचे शब्द तेच. बोर्ड मातकट रंगाचा. 'अबूबकर' पूर्ण रुंदीत, पांढरं. 'अँड ब्रदर' खाली, बारीक, बोर्डाच्याच मातकट रंगात.

चित्र आलं. भिंत तीच, एसीखालचा गंजाचा ओघळसुद्धा तोच. खलीलने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं.

"ब्रदर कुठाय?" त्याचा आवाज चिरकला. "माझं नाव कुठाय?"

"आहे तिथेच. एक अक्षर बदललं नाही. रंग आणि मांडणी तेवढी."

त्याने तिचा मोबाइल काउंटरवर आपटला. "हा बोर्ड मी लावू देणार नाही."

"तुझाही मी लावू देणार नाही. बस असाच."

"तुमचं दोघांचं हो आल्याशिवाय मी काही छापत नाही," प्रताप म्हणाला. "आणि अक्षरं मी स्वतः टाइप करून लावणार, अरबी तर नक्कीच. चित्र फक्त बघायला."

खलीलने दोन्ही मोबाइल जवळ ठेवून दोन्ही चित्रं ताडून पाहिली. शेवटी दात चावत म्हणाला, "एक रंग. एक माप. शेजारी शेजारी."

"क्रम तोच," फरजाना म्हणाली.

"क्रम तोच."

त्यानंतर बोर्ड लागेपर्यंत दोघं एका दुकानात बसून एकमेकांशी एक शब्दही बोलली नाहीत. बोर्ड लागला, हिरव्यावर पांढरा. फरजानाने फोटो दापोलीला पाठवला. थोड्या वेळाने अबूबकरचा आवाजी निरोप आला. खलील कापड बेतत होता. तिने मुद्दाम स्पीकर चालू केला, पूर्ण आवाजात.

"छान झालाय गो बोर्ड. खलीलनं केलंन ना? मी पडून आहे, तरी माझं नाव त्यानं बारीक नाय केलंन. त्याला सांग, मी दुवा करतंय त्याच्यासाठी."

खलीलच्या हातातली कात्री कापडातच थांबली.

फरजानाने निरोप पुन्हा सुरुवातीपासून लावला.