खरेदीखताची मागची बाजू

सांगलीत विश्रामबागेच्या कोपऱ्यावर मंगलताईंचं टायपिंगचं दुकान होतं. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात तिथं इंटरनेट आलं, आणि कडेगावच्या शाळेत शिकवणारी अंजना घराचे कागद पोटाशी धरून त्या दुकानात येऊन बसली. मस्कतला असलेल्या धाकट्या भावाला, कपिलला, ते ईमेलनं हवे होते. कागद बघून तो घर विकायचा सौदा पक्का करणार होता. आई त्याच घरात राहत होती. "पोराला पायजे तर दिऊन टाकू, मी काय कुटंबी ऱ्हाईन," असं म्हणून म्हातारी अंगठा उठवायला तयारही झाली होती. अंजनाचा जीव मात्र तुटत होता. पण धाकट्या भावापुढं पदर पसरणं तिला जमलं नसतं, मेली तरी.

मंगलताईंनी वीस वर्षं कोर्टाच्या आवारात टायपिंग केलेलं. कागद हातात घेतल्याबरोबर त्यांची भिवई वर गेली. अंजनानं घरूनच पेन्सिलीनं कोपऱ्यात एक ते दहा आकडे घातले होते, आणि फायलींनाही तीच नावं द्या म्हणत होती.

"नुसते आकडे नकोत, बाई. मशीनमदी एकच्या मागनं धा येतंय, आन मग दोन. करपावती खरेदीखताच्या पोटात शिरंल. शून्य एक, शून्य दोन असं लिवायचं, म्हंजे वळीनं ऱ्हातंय. आन खरेदीखताच्या पाठींवर आकडे कुटं हायत?"

"पाठी कशाला? पुढचंच समदं महत्त्वाचं हाय न्हवं?"

"आवं, स्टॅम्प कुणी घेतला, कवा घेतला, ते मागंच लिवलेलं आसतंय. पुढची बाजू, लगीच तिची मागची, मग दुसरा कागद. मधलं पान गाळलं की वाचणाऱ्याला वाटतंय, कायतरी लपवलंय."

अंजनानं आधीचे आकडे खोडले आणि पाठी धरून नवे घातले. शिकवणारणीला कुणी शिकवलं की जरा लागतंच.

कूलरचा ओला वारा येत होता. स्कॅनरच्या झाकणाखालून उजेडाची पट्टी सावकाश सरकत होती, आणि अंजनाच्या डोळ्यांवर झापड आली. त्या उजेडात तिला कधी न पाहिलेली वाट दिसायला लागली. दुतर्फा जोंधळा, आणि पुढं कुणीतरी बाई चाललेली, पाठीला पोर बांधून. बाई वळून बघत नव्हती. पोराचं डोकं मात्र तिच्या चालीबरोबर डुलत होतं, आणि ते पोर आपणच, हे अंजनाला झोपेतही ठाऊक होतं.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर पहिल्या कागदाची पाठ वरून खाली उमटत होती, ओळीमागून ओळ. सन एकोणीसशे एकसष्ट. स्टॅम्प घेणार धनाजी, राहणार कडेगाव. हस्ते, पत्नी बयाबाई. खाली एक अंगठा.

धनाजी म्हणजे अंजनाचे वडील, दादा. ते तेव्हा कोयनेच्या धरणाच्या कामावर होते. स्टॅम्प आणायला आई विट्यापर्यंत चालत गेली होती, एवढं अंजनानं लहानपणी ऐकलेलं, आणि विसरलेलं. बाकी सगळ्या कागदांवर दादांचं नाव, मग वारसांची नावं. घर मिळवणारी म्हणून आई एवढ्या एकाच जागी होती, आणि तीच बाजू अंजना गाळणार होती. तिला स्वतःची लाज वाटली.

मंगलताई इंग्रजी अक्षरांत मराठी पत्र टाइप करत होत्या. विषयात घर क्रमांक आणि गाव. खाली परिशिष्टांची यादी: एक, खरेदीखत, पान एक ते सहा. दोन, दादांचा मृत्यूचा दाखला, पान सात. तीन, वारस नोंद, पान आठ. चार, घराचा उतारा, पान नऊ. पाच, करपावत्या, पान दहा ते तेरा. प्रत्येक परिशिष्टापुढं फायलींची नावं. दुसऱ्या फायलीचं, म्हणजे पहिल्या कागदाच्या पाठीचं, नाव होतं 02_MAGE.

"आनखी काय लिवू?"

अंजनाच्या ओठांवर बरंच आलं. आई तिथल्या उंबऱ्याशी कशी बसते, तिच्या पायांना तिथली फरशी कशी ठाऊक आहे. "काय नको," ती म्हणाली. "यादीपरमानं बघ, येवढंच लिवा. त्याला हापिसातल्या मशीनवर धाच मिंटं मिळत्यात."

फोनची लाइन किरकिरली, दोनदा तुटली, तिसऱ्यांदा पत्र गेलं.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा सांगलीला गेली. उत्तर आलं होतं. कपिलनं लिहिलं होतं, "वेळ संपला. दोनच पानं उघडली. मी सौदा मोडला. दुसऱ्या फायलीचं नाव चुकलं होतं, दुरुस्त करून परत पाठवतोय."

सोबत एकच फाईल होती. तिचं नाव होतं AAI.

मंगलताईंनी न विचारता तिची प्रत छापली. संध्याकाळी उंबऱ्याशी बसलेल्या आईच्या मांडीवर अंजनानं ती ठेवली. बयाबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि मग त्या अंगठ्यावर आपला अंगठा टेकवून बघितला.

"लय बारीक व्हता गं तवा," म्हातारी म्हणाली.