शंभराच्या वरचे अडुसष्ट

वीजबिलाचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकायचा शहाणपणा माझाच. गोंदियाला राइस मिलमध्ये कामावर होतो, मोबाईलच्या ॲपवर बिल आलं, सातशे ऐंशीचं थेट सतराशे दहा. पाहिलं आणि खाली लिहिलं, "फ्रीज?" एवढं एकच प्रश्नचिन्ह, पण बाबूजींना, माझ्या वडिलांना, तेवढं पुरतं. मी सौंदडला गाडीतून उतरेपर्यंत त्यांचा निकाल ग्रुपवर हजर होता, सोमवारी फ्रीज दुकानात वापस.

हा फ्रीज चेतनाने, म्हणजे माझ्या बायकोने, दिवाळीत स्वतःच्या पैशाने घेतला होता. ती इडलीचं पीठ विकते. गावातल्या शिक्षकांची घरं आणि सौंदडची दोन हॉटेलं, एवढी गिऱ्हाइकं तिने दारोदार फिरून जोडलेली. फ्रीज गेला की पीठ दुपारीच आंबून वर येणार आणि धंदा बसणार. हे मला कळत होतं, तरी बाबूजींसमोर माझी दातखीळ बसते. लग्न होऊन पाच वर्षं झाली, दातखीळ तशीच आहे.

बाबूजींचं गणित पक्कं होतं. फ्रीजने शंभर युनिट ओलांडायला लावले, आणि शंभर ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात. आमच्याकडे अर्धं गाव हेच मानतं.

रात्री जेवणं झाल्यावर चेतनाने तोच स्क्रीनशॉट माझ्यासमोर धरला. युनिट एकशे अडुसष्ट. पहिले शंभर साडेचारच्या आतल्या दरानेच लागले होते, महाग दर फक्त वरच्या अडुसष्टांना. त्यांना साडेनऊच्याही वर, म्हणजे दुपटीहून जास्त. प्रत्येक युनिटमागे दीडेक रुपया वहन आकार, स्थिर आकार एकशे तीस तेवढाच, आणि या सगळ्या बेरजेवर सोळा टक्के वीज शुल्क. मागच्या महिन्यात युनिट होते ब्याण्णव, सगळे स्वस्तातले. म्हणून युनिट दुप्पट झाले नाहीत, बिल मात्र दुपटीच्या वर गेलं.

"पण फिरीज महिन्याले तीस युनिट खाते," ती म्हणाली. "ब्याण्णव अन् तीस, एकशे बावीस. वरचे सेहेचाळीस कोणी खाल्ले?"

मग तिने ॲपमधलं दुसरं पान उघडलं. नवा मीटर बसल्यापासून त्यात रोजच्या वापराच्या दांड्या दिसतात. महिनाभर दांड्या बुटक्या, चार-चार युनिटांच्या. मध्येच सलग तीन दांड्या ताडासारख्या उंच. तारखा पाहिल्या आणि मला हसू आवरेना. ती आमच्या गावची मंडई होती, दिवाळीनंतर भरणारी जत्रा, घरोघरी पाहुणे.

मंडईच्या दोन्ही रात्री दंडार झाली, आमच्याकडचं रात्रभराचं लोकनाट्य. स्टेजचे हॅलोजन, माईक, भोंगे, सगळं आमच्या मीटरवर. बाबूजींनी स्वतः वायर टाकू दिली होती. "लाइन आमचे ईश्वरदासजी यांचेकडून" असं मंडईच्या मंडळाने माईकवर तीनदा पुकारलं, शाल-नारळ दिला. ती शाल ते अजून सकाळी पांघरतात.

मी म्हटलं, टाक ग्रुपवर, होऊन जाऊ दे. ती म्हणाली, नाही. सगळ्या नातेवाइकांसमोर मामाजींची शाल ओढायची नाही. सासऱ्यांना ती मामाजीच म्हणते.

सकाळी चहा घेऊन ती ओसरीवर गेली. मी दाराआड उभा राहिलो, शूर माणसाची जागा तीच. बाबूजी शालीतच होते. त्यांनी चष्मा पुसून दांड्या पाहिल्या, बोटाने मोजल्या.

"मंडई दोन रात्रीची. ह्या तीन काऊन?"

"रातच्या बारानंतर तारीख बदलते, मामाजी. दंडार पहाटेवरी चालली."

बाबूजी शालीचं टोक बोटांनी चाचपत राहिले. मला वाटलं, आता भडकणार. पण त्यांनी विचारलं, यातले फ्रीजचे किती. तिने खरं तेच सांगितलं, सव्वातीनशे-साडेतीनशे फ्रीजचे, बाकी जवळपास सहाशे मंडईचे आणि पाहुण्यांचे. फ्रीजचे ती पिठातून देणार होतीच.

"तू कालच काऊन नाही सांगितली?"

"ग्रुपवर सांगून राहिली असती का मी?"

त्यांनी चहा संपवला आणि मोबाईल मागितला. एका बोटाने टाइप करायला त्यांना इतका वेळ लागतो की मी तेवढ्यात अंघोळ करून आलो. स्टेशनकडे निघताना ग्रुपवर मेसेज पडला.

"फिरीज वापस जानार नाही. बिल फिरीजनं थोडा, मंडईनं जास्त वाढवला. लाइन मीच देल्ली होती. पुढल्या साली मंडळानं मंडईपुरता आपला मीटर घ्यावा. हिशोब सूनबाईनं काढला."

त्याखाली नागपूरच्या आत्याने विचारलं, मग शाल कोणाची? संध्याकाळी घरी आलो तर चेतना थंडीत बाबूजींची तीच शाल पांघरून पीठ वाटत होती.