जगात पडलं, कर्जतला चढलं

हे सगळं २०१८ साली झालं. त्या वर्षी माझी नात जया हिचं लग्न जमलं आणि जानेवारीत याद्या झाल्या. आमच्याकडे यादीत रुपये लिहीत नाहीत, तोळे लिहितात. चारचौघांसमोर लिहिलं गेलं, "आजीकडून पाच तोळ्यांची पुतळ्यांची माळ." लग्न मार्गशीर्षात ठरलं.

माझ्याकडे एक लाख साठ हजार होते. कर्जतचे भागवत सराफ आमचे जुने. माझं लग्न एकाहत्तर सालचं. तेव्हा तोळा दोनशेच्या आत होता आणि सोनं त्यांच्या वडिलांनीच घडवलं होतं. भागवतशेठनी हिशेब करून दिला. चोख सोनं तोळ्याला एकोणतीस हजार सहाशे, त्यावर जीएसटी आणि घडणावळ. पैसे बरोबर पुरत होते.

घ्यायचं सोडून मी धाकट्या दिरांना, हनुमंत भाऊजींना, फोन केला. ते शेतीखात्यातून निवृत्त होऊन सावेडीला राहतात आणि बातम्या रोज ऐकतात.

"थांबा वहिनी," ते म्हणाले. "जगात सोनं उतरणार."

मी थांबले. उन्हाळा सरला. भाऊजींचा दर पंधरवड्याला फोन यायचा, अजून उतरलं, अजून उतरतंय. मी बाजाराला गेले की दुकानात विचारायचे, तर भागवतशेठ म्हणायचे, तीस हजार झालं, एकतीस झालं. भाऊजींना सांगितलं, तर म्हणाले, "तो तुम्हाला फसवतोय. बाईमाणूस बघून भाव सांगतो." नऊ महिने माझं डोकं या दोघांच्या मध्ये चेपलं गेलं.

ऑक्टोबरच्या शेवटी माळ घडवायला टाकणं भाग होतं. नाहीतर मांडवात यादी वाचली जाणार आणि पोरीच्या गळ्यात माळ कमी भरणार. सासरी ते ती जन्मभर ऐकणार. भाऊजी खुद्द चोर पकडायला कर्जतला आले.

"आजचा भाव?"

"एकतीस हजार नऊशे," भागवतशेठ म्हणाले.

भाऊजींनी मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला. "जानेवारीत औंसाला तेराशे वीस डॉलर होतं. आज बाराशे तीस. उतरलं का न्हाई?"

"उतरलं की."

"मग?"

"साहेब, औंस म्हंजे एकतीस ग्रॅम, आपला तोळा धा. ते डॉलरात येतं. डॉलर आपन कशानं घेतो?"

भागवतशेठनी पावतीबुकाच्या पाठीवर आकडे मांडले. जानेवारीत डॉलर साडेत्रेसष्ट रुपयांना होता, आता त्र्याहत्तर रुपये चाळीस पैशांना.

"समजा डॉलर तितकाच राहिला असता, तर आज तोळा सत्तावीस हजार सहाशेला पडला असता. म्हंजे जगातल्या भावानं दोन हजार खाली आनला. इथवर तुमी खरे. पन रुपाया पडला, त्यानं तोच तोळा चार हजार तीनशेनं वर नेला. दोन खाली, चार हजार तीनशे वर. उरले किती?"

"दोन हजार तीनशे," मी म्हणाले.

"आणि सरकारनं कर वाढवला असेल, ते?" भाऊजींचा शेवटचा प्रयत्न.

"आयातीचा कर तवाही धा टक्के, आताही धाच. हिशेबात दोनी वेळा धरलाय."

"बातमीत रुपयाचंही रोज सांगतात ना हो भाऊजी?" मी विचारलं.

"ते वेगळ्या वेळेला सांगतात," ते म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. पाच तोळ्यांना करासकट पावणेबारा हजारांच्या वर तूट आली. माळ साडेचार तोळ्यांचीच करा, असं भाऊजींनी सुचवलं. मी म्हटलं, "यादीत पाच आहेत. तुमच्या बोटात किती आहे?"

"वहिनी, ही सासऱ्यांनी दिलेली आहे."

"राजेश्वरीला मी सांगते," मी म्हणाले. राजेश्वरी म्हणजे माझी जाऊ, भाऊजींची बायको.

साबण लावून अंगठी निघाली. अर्धा तोळा भरली. मोडीत घेताना भागवतशेठनी घट धरली, तरी तूट भरून वर दोन हजार उरले. ते मी भाऊजींना जागेवर परत दिले. त्यांनी मोजले नाहीत.

जयाच्या गळ्यात माळ पाच तोळे भरली. ती पुण्याला असते, दोन मुलं आहेत, आणि सासूने माळेवरून कधी शब्द काढलेला नाही. भागवतशेठना दोन वर्षांनी अर्धांगाचा झटका आला. आता दुकान त्यांची सून संस्कृती बघते. राजेश्वरी भाऊजींशी महिनाभर बोलली नाही, आणि त्यांच्या बोटात नवी अंगठी काही आली नाही. ते अजून सावेडीतच असतात. तोळा लाखाच्या पुढे गेला तेव्हा त्यांचा फोन आला होता की, आता मात्र नक्की उतरणार. मी बहात्तर पूर्ण केली. सोनं आता घेत नाही.